मानेवरचा काळेपणा मळ नव्हे : पीसीओएस आणि साडेतीन किलोंचा हिशोब

एरवी मी बोंडअळी नि ठिबकवर लिहितो. आजचा विषय घरातला आहे.

माझी पुतणी बावीस वर्षांची. दोन वर्षं तिची पाळी अडीच-तीन महिन्यांनी यायची. हनुवटीवर केस आले, मान काळी पडली. वहिनी दगडाने मान घासायच्या, पण मळ निघेना, कारण तो मळ नव्हताच. स्थळं बघायची होती, म्हणून बाहेर बोलायचं नाही. शेवटी तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्त, थायरॉईड आणि सोनोग्राफी तपासून सांगितलं, पीसीओएस आहे.

दारं धरणारा गडी

जेवणातली साखर रक्तात येते ती पाटातल्या पाण्यासारखी. इन्सुलिन हा दारं धरणारा गडी. तो वाफ्याचं दार उघडतो, तेव्हा साखर स्नायूत शिरते. इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणजे ते दार घट्ट बसणं. मग शरीर एका गड्याच्या जागी तीन पाठवतं. साखर कशीबशी आत जाते, तपासणीत नॉर्मलही दिसते, पण रक्तात इन्सुलिन जास्त राहतं. हे जादा इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरक जास्त करायला लावतं. त्यामुळे बीज पक्व होत नाही, पाळी लांबते, चेहऱ्यावर केस येतात. मानेचा काळेपणा ही बहुतेक वेळा या जादा इन्सुलिनचीच खूण असते. सडपातळ मुलींनाही हा आजार होतो. वजन वाढलं की तो बळावतो.

किती किलो उतरवायचे?

पुतणीचं वजन 68 किलो, उंची पाच फूट एक इंच. कोणीतरी तिला 50 किलोचं ध्येय दिलं. पोरीने एकवेळचं जेवण सोडलं, महिन्यात चार किलो उतरले आणि दोन महिन्यांत परत आले. उपास सोडताना भूक अनावर व्हायची, त्यात साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट.

डॉक्टरांनी हिशोब बदलला. आहे त्या वजनाच्या पाच टक्के उतरलं तरी पुष्कळ जणींची पाळी सुधारते. 68 चे पाच टक्के म्हणजे 3.4 किलो. पंधरवड्याला अर्धा किलो धरला तर साडेतीन महिने. वजन पंधरा दिवसांनी एकदाच, सकाळी उपाशीपोटी करायचं. रोज काट्यावर उभं राहिलं तर पाण्याची चढउतार बघून धीर सुटतो. सोबत बेंबीजवळ टेपने कंबर मोजायची.

ताटात काय बदललं

वेगळा स्वयंपाक केला नाही. दिवसाला चार कप चहा, कपाला दोन चमचे साखर. चमचा पाच ग्रॅमचा धरला तर रोज 40 ग्रॅम, महिन्याला 1.2 किलो साखर! ती आधी निम्मी केली, मग पाव. दुपारी तीन भाकरी आणि पातळ आमटी असायची. आता दोन भाकरी, वाटीभर घट्ट मटकीची किंवा मुगाची उसळ आणि भरपूर भाजी. रात्री ताटभर भाताऐवजी एक भाकरी, छोटी वाटी भात, घट्ट वरण, कधी अंडं. ज्वारीची भाकरी चांगलीच, पण तीही पिष्टच. ज्वारी आहे म्हणून चार खाऊन चालत नाही.

“काका, दिवसभर खुरपते की!”

हा तिचा प्रश्न रास्त होता. पण खुरपणी बसून, सावकाश होते. दम लागत नाही. झपझप चालताना स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता साखर ओढतात, म्हणजे वाफा आपलं दार आपणच उघडतो. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, असा वेग हवा. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. त्यातली दहा-पंधरा मिनिटं जेवणानंतर. शिवाय आठवड्यातून दोन दिवस उठाबशा आणि भरलेल्या कळशा उचलणं.

पाचव्या महिन्यात वजन 64.5 झालं. म्हणजे हिशोबापेक्षा महिनाभर उशीर, कारण दिवाळीत काटा हललाच नाही. कंबर 92 वरून 87 सेंटिमीटरवर आली. पाळी आता चाळीसेक दिवसांनी येते. हनुवटीचे केस मात्र तसेच आहेत. त्यांना वेळ लागतो आणि औषधही लागू शकतं.

हे विसरू नका

पाळी तीन महिने आली नाही तर डॉक्टर गाठा. गर्भाशयाचं अस्तर साचत राहणं धोक्याचं असतं. रक्तातली साखर तपासून घ्या, चालू गोळ्या मनाने बंद करू नका. हा आजार मुळापासून जात नाही, आवरता येतो. चालणं सोडलं की पाळी पुन्हा लांबू शकते.

गावकारभाऱ्यांना एकच सांगणं. पुतणी संध्याकाळी चालायला निघायची, पण वेशीपुढे दिवे नव्हते. चार खांबांवर दिवे लागले, आणि आता तिच्यासोबत आणखी सहा जणी चालतात.