गोळी कुणासाठी?

संध्याकाळचे साडेसात वाजलेत. महाद्वार रोडला लागून असलेल्या एका बोळात, औषधांच्या दुकानासमोर मी माझी पाळी येण्याची वाट बघतोय. उद्यमनगरातून सुटून थेट आलेला एक तरुण मोटरसायकल चालूच ठेवून काउंटरला टेकतो. हाताला अजून ऑइल आहे.

"काका, दुखण्यावर एक कडक गोळी द्या की."

काका कपाटाकडे वळत नाहीत. "कुणाला?"

"आईला."

"वय?"

"असंल सत्तर."

"कुठं दुखतंय?"

"गुडघं. लई दिवस झालं."

"लई म्हणजे? गणपतीपासनं का दसऱ्यापासनं?"

तरुण थबकतो. मोजून सांगतो, दसऱ्यापासनं. पडली-बिडली नाही, ताप नाही. मग खिशातून अर्धी पट्टी काढतो. शेजारच्या वहिनींनी दिलेली, सकाळ-संध्याकाळ एक. आठवडा झाला. आराम पडतो, म्हणून हीच आणखी न्यायची आहे.

काका पट्टी उजेडात धरतात. एसिक्लोफेनॅक १००, पॅरासिटामॉल ३२५. "ही डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची गोळी न्हाई. आईला बीपी हाय?"

"हाय. साखर बी हाय."

"गोळ्या कुठल्या चालू हायत?"

ते त्याला माहीत नाही. काका त्याला घरी फोन लावायला लावतात. बायको पट्ट्यांचे फोटो पाठवते. तरुण गाडी बंद करतो. काका फोटो बोटांनी मोठा करून वाचतात: टेल्मिसार्टन ४०, त्यातच हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५. म्हणजे बीपीचं औषध आणि लघवी वाढवणारं औषध, दोन्ही एकाच गोळीत.

इथं त्यांचा चेहरा बदलतो, आणि का बदलतो ते समजून घेण्यासारखं आहे. वय वाढलं की मूत्रपिंडाची ताकद तशीही कमी होते, मधुमेह ती आणखी घटवतो. एसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या गोळ्या दुखणं थांबवतात ते प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं कमी करून. पण मूत्रपिंडात रक्त नेणाऱ्या वाहिन्या मोकळ्या ठेवायचं कामही तीच द्रव्यं करतात. म्हणजे आत येणारं रक्त घटतं. टेल्मिसार्टन बाहेर जाणारी वाट सैल करतं, त्यामुळं गाळणीतला दाब उतरतो. लघवीचं औषध अंगातलं पाणी कमी करतं. तिन्ही एकत्र आली की मूत्रपिंड थोड्या दिवसांतही बिघडू शकतं, आणि गुडघा मात्र बरा वाटत राहतो. या आराम पडण्यानंच घरचे फसतात.

"पाय सुजल्यात?"

"चप्पल घट्ट होतीया म्हणाली. मला वाटलं गुडघ्याचीच सूज."

फोन स्पीकरवर येतो. "मावशी, संडास काळी होतीया काय?"

"न्हाई ओ. पण लघवी कमी झालीया. आणि जेवण जाईना."

काळी संडास विचारायचं कारण वेगळं आहे. याच गोळ्या जठराचं अस्तर खरवडतात, आतून रक्त जातं, आणि कधीकधी पोट दुखायच्या आधी काळी, चिकट संडासच दिसते. मावशींना ते नाही. पण लघवी घटणं आणि पाय सुजणं पुरेसं आहे.

"ही गोळी आत्तापासनं बंद," काका सांगतात. "बीपीची मात्र आपल्या मनानं बंद करायची न्हाई, ते डॉक्टर ठरवतील. आजच दाखव. डॉक्टर भेटले न्हाईत तर सीपीआर हॉस्पिटलला जा. क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघतील. सगळ्या पट्ट्या संगं ने, ही अर्धी बी."

"मग दुखलं तर?"

"साधी पॅरासिटामॉल, पाचशेची एक. सहा तासांच्या आत दुसरी न्हाई. लिव्हरचा काही त्रास न्हाई ना?" नाही म्हटल्यावर ते ती देतात. गोळ्या थोड्याच, आणि पैसे पण थोडेच होतात. तरुणाच्या मागं रांग वाढली आहे. कुणीतरी चुकचुकतं. काका तिकडं लक्ष देत नाहीत आणि मला ते योग्य वाटतं.

पुढं कॉलेजचा मुलगा. अंगदुखीची गोळी हवी. वय एकोणीस, दुखणं कालपासूनचं, सोबत ताप. गल्लीत डेंग्यूचे दोन पेशंट. त्याला आयब्युप्रोफेनही नाही आणि अॅस्पिरिनही नाही, कारण डेंग्यूत रक्तस्राव वाढू शकतो. पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, आणि उद्या रक्त तपासणी. याच मुलाचा घोटा खेळताना मुरगळला असता तर उत्तर वेगळं आलं असतं.

दुखण्याची गोळी मागायला जाताना एवढं घेऊन जा: दुखणं कुणाचं, त्याचं वय, कुठं आणि कधीपासून, जुने आजार, आणि चालू औषधांच्या पट्ट्या. नावं आठवत नसतील तर पट्ट्यांचे फोटो चालतील. आणि गोळ्या चालू असताना लघवी घटली, पाय सुजले किंवा संडास काळी झाली, तर दुसरी पट्टी आणू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.