बंद पडायला किती वेळ लागला?

संध्याकाळी साडेसात वाजता शेजारच्या काकूंनी दारातूनच हाक मारली. "अरे, शेगडी पुन्हा बंद पडली बघ. सकाळी दूध तापवलं तेव्हा छान चालली. संध्याकाळी कुकर लावला की तिसरी शिट्टी व्हायच्या आत टूं टूं करते आणि बसते. व्होल्टेज कमी होत असणार, या वेळी सगळ्यांचेच दिवे-पंखे चालू असतात."

काकूंचा तर्क चुकीचा नव्हता, पण अपुरा होता. इंडक्शन शेगडी बंद पडली की आपण सगळे पडद्यावरचा आकडा बघतो: E1, E3, E6 असं काहीतरी. अडचण अशी, की या आकड्यांची भाषा प्रत्येक कंपनीची वेगळी. एकीच्या शेगडीवर E1 म्हणजे भांडं नाही, तर दुसरीच्या शेगडीवर तोच E1 म्हणजे व्होल्टेज कमी. आकड्याचा अर्थ शेगडीसोबत आलेल्या पुस्तिकेतच बघावा लागतो आणि ती पुस्तिका बहुतेक घरांत पहिल्या दिवाळीलाच रद्दीत जाते. अशा वेळी घड्याळ कामाला येतं. शेगडी सुरू केल्यापासून किती वेळाने बंद पडली, हे नीट पाहिलं तर दोष भांड्यात आहे, पंख्यात आहे की विजेत, याचा बराचसा उलगडा होतो.

आधी आत काय चालतं ते थोडक्यात. काचेखाली तांब्याच्या तारेचं सपाट वेटोळं असतं. घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा दिशा पालटून परत फिरते; शेगडीतलं सर्किट तोच वेग वीस हजारांच्या वर नेऊन वीज या वेटोळ्यात सोडतं. त्यामुळे तयार होणाऱ्या चुंबकीय क्षेत्रात लोखंडी बुडाचं भांडं आलं, की त्या बुडातच प्रवाह फिरू लागतात आणि बूड तापतं. काच तापते ती भांड्याच्या संगतीने. एवढ्या वेगाने वीज चालू-बंद करायचं काम एक छोटा काळा सुटा भाग करतो. दुरुस्तीवाले त्याला आयजीबीटी म्हणतात. तो ॲल्युमिनियमच्या जाड पट्ट्यावर बसवलेला असतो आणि शेगडीतला पंखा त्या पट्ट्यावर वारा घालतो. बंद पडण्याच्या बहुतेक कहाण्या या आयजीबीटीला वाचवण्याच्याच असतात.

शेगडी सुरू करताच दर सेकंदाला टूं टूं वाजू लागली आणि अर्ध्या-एक मिनिटात बंद झाली, तर संशय भांड्यावर घ्यावा. शेगडी पूर्ण जोर लावण्याआधी वेटोळ्यात विजेचा एक बारीकसा ठोका देऊन पाहते. वर लोखंडी बूड असेल तर ते त्या ठोक्याची ऊर्जा शोषून घेतं आणि तो लगेच विरतो. वर काही नसेल, किंवा ॲल्युमिनियम, तांबं, पितळ असेल, तर ठोका घंटेसारखा घुमत राहतो. घुमला की शेगडी समजते, वर भांडं नाही. म्हणून ॲल्युमिनियमची कढई समोर ठेवलेली दिसत असूनही ती 'भांडं ठेवा' असंच सांगत राहते.

परीक्षा सोपी: फ्रिजवरचा चुंबक काढून भांड्याच्या बुडाला बाहेरून लावा. घट्ट चिकटला तर भांडं चालेल. निसटला तर नाही, मग ते स्टीलचं का असेना, कारण स्वयंपाकघरातल्या बऱ्याच स्टीलला चुंबक चिकटतच नाही. त्रास देतात ती अधलीमधली भांडी. चुंबक कडेला चिकटतो पण मध्ये नाही, किंवा बूड वर्षानुवर्षांच्या तापण्याने फुगून गोल झालंय आणि भांडं काचेवर डुगडुगतंय, किंवा चहाचं पातेलं इतकं लहान की बूड बारा सेंटीमीटरही भरत नाही. अशी भांडी कधी चालतात, कधी नाही. भाजी ढवळताना भांडं जरा सरकलं तरी शेगडी थांबते आणि आपण बिचाऱ्या वायरला हलवून बघतो.

शेगडी व्यवस्थित सुरू होऊन पाच, आठ, दहा मिनिटं चालली आणि मग बंद पडली, तर उष्णता बाहेर पडत नाही असं समजावं. दोन हजार वॅटच्या शेगडीत पाच टक्के ऊर्जा जरी आतच उरली, तरी शंभर वॅट होतात. म्हणजे बंद डब्यात जुना शंभराचा बल्ब लावून ठेवल्यासारखं. पंखा ती ऊब सतत बाहेर ढकलतो. तो अडला, की ॲल्युमिनियमचा पट्टा तापत जातो, त्याला लावलेला तापमानाचा सेन्सर इशारा देतो आणि शेगडी स्वतःच थांबते.

यात एक नेमकी खूण आहे. पंधरा मिनिटं थांबून शेगडी पुन्हा लावली की ती चालते, पण या खेपेला पहिल्यापेक्षा लवकर बंद पडते. पट्टा पुरता थंड झालेला नसतो, म्हणून धोक्याच्या रेषेपर्यंत लवकर पोहोचतो. भांड्याचा किंवा विजेचा दोष असा मिनिटं मोजून वागत नाही.

तिसरा प्रकार विजेचा. त्याला स्वतःचं घड्याळ नसतं, तो दुसऱ्यांच्या घड्याळावर चालतो. शेजारी पंप लावला, घरात गीझर किंवा मिक्सर सुरू केला की शेगडी थांबते. किंवा कमी वॅटवर चालते आणि जास्त वॅट दिला की लगेच बंद होते. आपल्याकडे घरगुती वीज 230 व्होल्टची. ती फार खाली घसरली किंवा फार वर गेली की शेगडी काम थांबवते.

काकूंकडे मी मल्टिमीटर घेऊन गेलो. एसीच्या वरच्या रेंजवर ठेवून त्याच बोर्डातल्या शेजारच्या सॉकेटमध्ये पिना घातल्या. शेगडी बंद असताना 224 व्होल्ट. कुकर ठेवून शेगडी पूर्ण जोरात लावली, तेव्हा 217. एवढी घसरण नेहमीचीच. हाच आकडा 224 वरून 190 वर आला असता, तर मीटरपेटीपासून बोर्डापर्यंत कुठेतरी जोड ढिला आहे असं म्हटलं असतं. तो हिशोब भीतीदायक असतो: सात अँपिअर वाहत असताना तीस व्होल्ट एका ढिल्या जोडात हरवले, तर त्या जोडात दोनशे वॅटहून जास्त उष्णता तयार होते, तीही भिंतीच्या आत. मग शेगडी बंद करून प्लग काढला आणि पिनांना हात लावून पाहिला. कोमट. पिना चटका देण्याइतक्या गरम असत्या, किंवा प्लास्टिक तपकिरी पडलं असतं, तर दोष त्याच सॉकेटचा. तो शेजारच्या सॉकेटमधल्या मीटरला दिसत नाही, हाताला कळतो. दोन हजार वॅटची शेगडी नऊएक अँपिअर ओढते. सहा अँपिअरच्या लहान सॉकेटवर किंवा टीव्हीच्या एक्स्टेन्शनवर ती लावूच नये, सोळाचं सॉकेट हवं.

वीज निर्दोष ठरली. कुकरच्या बुडाला चुंबक घट्ट बसला. मग घड्याळ लावलं. शेगडी नवव्या मिनिटाला बंद पडली. दहा मिनिटांनी पुन्हा लावली, तर चौथ्याच मिनिटाला. माझं बोट पंख्याकडे वळलं.

मागच्या जाळीपाशी उदबत्ती धरली. धूर बाहेर ढकलला जायला हवा होता, तो सरळ वर गेला. म्हणजे पंखा बंद? पण कान लावला तर घरघर ऐकू येत होती. प्लग काढून शेगडी उचलली आणि उलगडा झाला. ओटा खराब होऊ नये म्हणून काकूंनी खाली गुळगुळीत रेक्झिनचा तुकडा अंथरला होता. पंखा खालच्या भोकांतून वारा ओढतो. त्याने रेक्झिनच ओढून जाळीला चिकटवून घेतलं होतं. वर जाळीत तेलाचा चिकट थर आणि त्यात अडकलेली धूळ.

आता सकाळच्या दुधाचंही कोडं सुटलं. अर्धा लिटर दूध हजार वॅटवर चार-पाच मिनिटांत उतू यायला लागतं. तेवढ्यात पट्टा धोक्यापर्यंत तापतच नाही. संध्याकाळचा कुकर मात्र पूर्ण जोरात दहा-पंधरा मिनिटं चालतो. फरक सकाळ-संध्याकाळचा नव्हताच, वॅट आणि मिनिटांचा होता.

रेक्झिन काढलं. कोरड्या दात घासायच्या ब्रशने जाळी बाहेरून साफ केली, ओलं फडकं अजिबात लावलं नाही. शेगडी भिंतीपासून वीतभर पुढे ओढली, नाहीतर बाहेर पडलेली गरम हवाच परत आत जाते. आता उदबत्तीचा धूर मागे फेकला गेला. कुकर झाला, त्यावर भाजी झाली, पंचवीस मिनिटं शेगडी बोलली नाही.

"आणि स्वयंपाक झाला की लगेच प्लग काढू नका," मी काकूंना म्हटलं. शेगडी बंद केल्यावरही पंखा मिनिटभर फिरतो. तेव्हाच वीज तोडली तर आतली ऊब आतच राहते आणि ती रोजच्या रोज भागांना भाजते.

जाळी साफ, खाली मोकळं आणि तरीही पंखा फिरत नसेल किंवा अडखळत फिरत असेल, तर पंखा बदलावा लागतो. ते काम दुरुस्तीवाल्याचं. रिकामा तवा जोरात ठेवल्यावर शेगडी थांबली तर तो दोष नाही: काचेखालचा सेन्सर तवा अतितापू देत नाही इतकंच. प्लग लावताच एमसीबी पडत असेल, तर बहुधा आयजीबीटीच गेलेला असतो. काचेला तडा गेला असेल, तर शेगडी त्याच क्षणी बंद करून बाजूला ठेवावी, कारण उतू गेलेलं दूध त्या तड्यातून थेट विजेवर पडतं. या तिन्ही वेळी घरात स्क्रू ड्रायव्हर काढू नये. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही काही काळ तीनशे व्होल्टच्या वरचा दाब राहू शकतो.

दुरुस्तीवाल्याला बोलवाल तेव्हा 'शेगडी बंद पडते' एवढंच सांगू नका. कोणतं भांडं, किती वॅट, कितव्या मिनिटाला आणि दुसऱ्यांदा कितव्या, पडद्यावर कोणता आकडा, एवढं कागदावर लिहून ठेवा. काकूंनी फ्रिजवर तसा एक कागद लावलाय. त्यावर 'नऊ' आणि 'चार' असे दोनच आकडे आहेत. तो चिकटवलाय त्याच चुंबकाने, ज्याने आम्ही कुकर तपासला होता.