परत गेलेले पैसे, बदललेले खाते

समजा, भोसरीतल्या एका कारखान्याने कोल्हापूरच्या फाउंड्रीला आगाऊ पैसे देऊन कास्टिंग घेतले. काही नगांत ब्लोहोल निघाले, माल रिजेक्ट झाला आणि खरेदी विभागाने ८४,९६० रुपयांची डेबिट नोट काढली. त्यात मालाचे ७२,००० आणि जीएसटीचे १२,९६०. पुढची ऑर्डर नव्हती, त्यामुळे बिलातून वळते करून घेण्याची सोय नव्हती. फाउंड्रीने एनईएफटी करून यूटीआर नंबर कळवला, पण पैसे काही आले नाहीत. कारखान्याने मधल्या काळात बँक बदलली होती आणि डेबिट नोटच्या तळाशी बंद झालेले खातेच छापलेले होते.

आता खरेदी लिपिकाने फाउंड्रीला मेल लिहायचा आहे. पंचाईत अशी की “आमचे खाते बदलले, पैसे इकडे पाठवा” हे वाक्य भामटेही अगदी याच शब्दांत लिहितात.

पैसे आहेत कुठे?

एनईएफटीचे व्यवहार अर्ध्या-अर्ध्या तासाच्या बॅचमध्ये होतात. रक्कम जमा करता आली नाही, तर बॅच पूर्ण झाल्यापासून दोन तासांत घेणाऱ्याच्या बँकेने ती परत पाठवायची असते. म्हणजे पैसे बहुधा फाउंड्रीच्याच खात्यात, वेगळी जमा नोंद होऊन पडलेले असतात. नावे पडलेली नोंद पाहून ज्याने फाईल मिटली, तो ही जमा शोधायला पुन्हा जात नाही. म्हणून मेलमध्ये आधी हेच सांगावे.

खाते बंद होते हे एका परीने बरेच झाले. आकडा चुकून तो दुसऱ्या कुणाच्या चालू खात्याचा निघाला असता, तर पैसे आपोआप परत आले नसते. बँक रक्कम जमा करते ती खाते क्रमांकावरून, नाव जुळवून नव्हे.

मेलचा मसुदा

> विषय: डेबिट नोटची रक्कम ₹८४,९६० परत गेल्याबाबत
>
> सप्रेम नमस्कार,
>
> आपण कळवलेल्या यूटीआरची रक्कम आमच्या खात्यात जमा झालेली नाही. डेबिट नोटवर छापलेले आमचे खाते बंद झाले आहे. ही चूक आमची आहे. रक्कम आपल्या खात्यात परत आली असावी. स्टेटमेंटमध्ये तेवढ्याच रकमेची जमा नोंद कृपया पाहावी.
>
> नव्या खात्याचे पत्र लेटरहेडवर, अधिकृत सहीने आणि रद्द केलेल्या चेकसह कुरिअरने पाठवत आहोत. या मेलमध्ये खाते क्रमांक मुद्दाम दिलेला नाही. आमच्या नावाने तो मेलवर आला, तर तो आमचा समजू नये.
>
> पत्र मिळाल्यावर आपल्याकडच्या जुन्या परचेस ऑर्डरवरील फोन नंबरवर आम्हाला फोन करावा. खात्री होईपर्यंत पैसे पाठवू नयेत.
>
> आपला,
> खरेदी विभाग

मेलच्या खाली सहीसोबत फोन नंबर नाही, हे मुद्दामच. मेलबॉक्स कुणी ताब्यात घेतला असेल, तर तो नंबरही त्याचाच असणार. जुन्या मेलला उत्तर म्हणून आलेला मेलही या कारणाने खरा धरता येत नाही.

पासवर्ड लावला तर?

बरेच जण तपशील पीडीएफमध्ये घालून पासवर्ड लावतात. पण खाते क्रमांक ही गुपित गोष्ट नाही, तो प्रत्येक बिलावर छापलेला असतो. इथे भीती तो कुणी वाचण्याची नसून बदलण्याची आहे. भामट्याने स्वतःच्या पीडीएफला पासवर्ड लावला, तर ती आणखीच खरी वाटेल! रद्द केलेल्या चेकवर सही मात्र करू नये. त्यावर आडव्या रेघा मारून ‘रद्द’ लिहिले की पुरे.

एक रुपया सदतीस पैसे

फोनवर फाउंड्रीच्या लेखापालाने आकडे स्वतः वाचून “बरोबर ना?” असे विचारू नये. समोरच्याकडून ते वदवून घ्यावेत आणि कुरिअरच्या पत्राशी ताडून पाहावेत. आयएफएससी ११ अक्षरांचा असतो आणि त्यातले पाचवे अक्षर शून्य असते. तिथे ‘ओ’ टाइप होण्याची चूक नेहमीची.

बँकेच्या नेटबँकिंगमध्ये खातेदाराचे नाव दाखवण्याची सोय रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार एप्रिल २०२५ पासून आरटीजीएस आणि एनईएफटीसाठीही आली आहे. नाव जुळले तरी एवढ्यावर थांबू नये, कारण मिळत्याजुळत्या नावाने खाते उघडलेले असू शकते.

मग एक विचित्र रक्कम पाठवावी, समजा १ रुपया ३७ पैसे, आणि ती आधी कुणाला सांगू नये. त्याच जुन्या नंबरवर पुन्हा फोन करून “किती जमा झाले?” असे विचारावे. पैशांसकट उत्तर बरोबर आले, की उरलेले ८४,९५८ रुपये ६३ पैसे सोडायला हरकत नाही. उत्तर चुकले किंवा मोठी रक्कम आधीच परक्या खात्यात गेली असेल, तर लगेच आपल्या बँकेला आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवावे. पैसे पुढे काढून घेतले जाण्याआधी खाते गोठवता आले, तरच ते मिळण्याची आशा असते.

इकडे भोसरीत लिपिकाने त्याच दिवशी डेबिट नोटच्या छापील नमुन्यातून जुने खाते काढून टाकावे, आणि बाकी कोणत्या पुरवठादारांकडे ते गेले आहे याची यादी करावी.