साठ किलोचे पुन्हा चाळीस कसे झाले?

दिवाळीच्या तोंडावर फराळाच्या एका घाऊक दुकानात ऑर्डर क्रमांक १०४७ नोंदलेली आहे, असं समजू. चिवडा ४० किलो, पत्ता कोथरूडचा. ग्राहकाचा फोन येतो, "चिवडा साठ किलो करा." फोन घेणाऱ्या ताई ऑर्डर उघडतात. त्याच सुमारास डिलिव्हरी बघणारे दादाही तीच ऑर्डर उघडतात, कारण माल कोथरूडऐवजी औंधला पाठवा असा निरोप त्यांच्याकडे आलेला असतो. ताई ४० चे ६० करून सेव्ह करतात. मिनिटभराने दादा पत्ता बदलून सेव्ह करतात. दोघांनाही स्क्रीनवर "सेव्ह झाले" असंच दिसतं आणि औंधला चिवडा जातो ४० किलो.

दादांनी वजनाला हातही लावलेला नसतो. पण त्यांच्या स्क्रीनवरचा फॉर्म ताईंच्या बदलाआधी उघडलेला होता आणि त्यात जुने ४० तसेच पडून होते. बरीच सॉफ्टवेअर सेव्ह करताना बदललेला रकानाच नव्हे, तर अख्खा फॉर्म डेटाबेसमध्ये लिहितात. त्यामुळे नव्या पत्त्याबरोबर जुनं वजनही परत गेलं. एरर नाही, इशारा नाही, म्हणून हा घोटाळा लवकर सापडत नाही. बदलांचा इतिहास ठेवलेला असेल तर त्यात खूण मिळते: वजन ६० झालं आणि लगेच पुन्हा ४० झालं, तेही ज्यांनी वजन बदललंच नाही अशा माणसाच्या नावावर. अशा वेळी त्या माणसाला दोष देण्याआधी सॉफ्टवेअर तपासायला हवं.

एक उपाय म्हणजे ताईंनी ऑर्डर उघडली की ती इतरांसाठी कुलूपबंद करायची. पण ताई स्क्रीन उघडी ठेवून जेवायला गेल्या तर दादा ताटकळत बसणार. दुसरा उपाय संगणकशास्त्रात एच. टी. कुंग आणि जॉन रॉबिन्सन यांच्या १९८१ च्या शोधनिबंधामुळे ओळखला जाऊ लागला. त्याला ऑप्टिमिस्टिक लॉकिंग म्हणतात. टक्कर क्वचितच होते असं धरून कोणालाच अडवायचं नाही, फक्त सेव्ह करताना तपासायचं की मधल्या काळात कोणी काही बदललं का.

त्यासाठी प्रत्येक ऑर्डरला एक आवृत्ती क्रमांक देतात. दोघांनी ऑर्डर उघडली तेव्हा तो ७ होता. ताईंनी सेव्ह केल्यावर तो ८ झाला. आता दादांचा फॉर्म डेटाबेसला सांगतो:

```sql
UPDATE orders
SET qty = 40, area = 'Aundh', version = 8
WHERE id = 1047 AND version = 7;
```

आवृत्ती ७ ची १०४७ ही ऑर्डर आता अस्तित्वातच नाही, म्हणून डेटाबेस उत्तर देतो: शून्य ओळी बदलल्या. हे शून्य प्रोग्रामने वाचलंच पाहिजे. ते न वाचता "सेव्ह झाले" दाखवलं तर ताईंचे साठ किलो वाचतील, पण दादांचा पत्ता गुपचूप हरवेल.

सगळ्यात जास्त फसगत होते ती ७ हा आकडा कुठून आणायचा यात. तो ऑर्डर उघडताना फॉर्मबरोबर स्क्रीनवर जायला हवा आणि सेव्ह करताना तसाच परत यायला हवा. काही प्रोग्रामर सेव्हच्या क्षणी डेटाबेसमधून ताजा क्रमांक वाचतात आणि त्याच्याशीच तुलना करतात. मग दादांचा शिळा फॉर्मही ८ क्रमांक लावून आरामात आत शिरतो. पडताळणीचा कोड लिहिलेला दिसतो, पण पडताळणी होत नाही. हे पकडायचं तर एकच ऑर्डर दोन ब्राउझरमध्ये उघडावी, दोन्हीकडे वेगवेगळा बदल करावा आणि एकापाठोपाठ सेव्ह करावं. दुसरा सेव्ह अडला नाही, तर कुलूप नावालाच आहे.

अडल्यानंतर दादांना काय दाखवायचं, हेही तितकंच महत्त्वाचं आहे. "चूक झाली, पुन्हा प्रयत्न करा" म्हणून त्यांचं टाइप केलेलं पुसून टाकणं हा त्यांच्यावर अन्यायच. "तुम्ही ऑर्डर उघडल्यानंतर वजन ४० वरून ६० झालं आहे. तुमचा बदल: पत्ता औंध," असं समोरासमोर दाखवावं आणि दोन्ही बदल ठेवायचे का ते विचारावं. इथे दोघांनी वेगळे रकाने बदललेत, तेव्हा उत्तर सोपं आहे. दोघांनीही वजनच बदललं असतं, तर निर्णय माणसानेच घ्यायचा. ग्राहकाला फोन करून विचारायचं. प्रोग्रामने नवा क्रमांक घेऊन जुनाच फॉर्म आपोआप पुन्हा पाठवणं मात्र कटाक्षाने टाळावं. त्याने साठाचे पुन्हा चाळीस होतात.

ही पद्धत ऑर्डरसाठी उत्तम, कारण एकाच ऑर्डरवर एकाच वेळी दोघे क्वचितच येतात. दुकानातल्या चिवड्याच्या एकूण शिल्लक साठ्याला ती गैरसोयीची ठरते. दिवाळीत तो आकडा दर क्षणी कोणी ना कोणी बदलत असतो आणि निम्मे सेव्ह अडत राहतील. तिथे शिल्लक वाचून, वजाबाकी करून परत लिहिण्याऐवजी "साठ किलो शिल्लक असतील तरच साठ वजा कर" असा हुकूम एकाच वाक्यात थेट डेटाबेसला द्यावा.