बिलिंग काउंटरची मुलाखत : खरा प्रश्न रात्रीच्या हिशेबाचा

सुपरमार्केट आता केवळ मुंबई-पुण्यापुरते राहिलेले नाही. मालेगाव, मिरज, लातूर यांसारख्या शहरांतही अशी दुकाने उघडली असून बिलिंग काउंटरवर काम करण्यासाठी बारावी झालेल्या तरुण-तरुणींना बोलावले जाते. मुलाखतीला जाणारा उमेदवार बहुधा 'माझा स्वभाव शांत आहे, मी प्रामाणिक आहे' अशी वाक्ये पाठ करून जातो. मुलाखत घेणाऱ्याला त्यांचा फारसा उपयोग नसतो. त्याला एवढेच पाहायचे असते की, रात्री दुकान बंद होताना या माणसाचा गल्ला जुळेल काय, आणि न जुळल्यास हा काय करील. रोकड, वेग, इमानदारी आणि गर्दीतील शांतपणा यांवरचे सगळे प्रश्न अखेर याच मुद्द्यावर येतात.

पहिला प्रश्न अनेकदा तोंडी हिशेबाचा असतो. बिल 287 रुपयांचे, ग्राहकाने 500 ची नोट दिली, तर काय कराल? '213 परत देईन' हे उत्तर बरोबर असले तरी अपुरे आहे. मुलाखत घेणाऱ्याला रीत ऐकायची असते. नोट हातात येताच 'पाचशे घेतले' असे मोठ्याने म्हणावे. ती लगेच खणात टाकू नये, व्यवहार पुरा होईपर्यंत समोर वेगळी ठेवावी. सुटे देताना बिलाच्या रकमेपासून वर मोजत जावे : 287 वर 3 दिले की 290, 10 दिले की 300 आणि 200 दिले की 500. ग्राहकाने पैसे मोजून घेतल्यावरच नोट खणात जाते. 'मी पाचशे दिले होते, तुम्ही शंभर समजलात' हा वाद त्यामुळे उभाच राहत नाही, कारण नोट दोघांच्या समोर असते.

यालाच जोडून दुसरा प्रश्न येतो. तुम्ही सुटे मोजत असताना ग्राहक म्हणाला, 'थांबा, वरचे 87 देतो, मला सरळ 300 द्या', तर? हिशेब बरोबर आहे, 587 मधून 287 गेले की 300 उरतात. मात्र काढलेले 213 आधी खणात परत ठेवून, 500 आणि 87 एकत्र मोजून, मगच 300 द्यावेत. अर्धे सुटे ग्राहकाच्या हातात आणि अर्धे आपल्या हातात असताना नवा हिशेब सुरू केला की गल्ल्यात तूट येते. फसविणारे लोकही नेमकी हीच वेळ साधतात.

वेगाविषयी उमेदवारांची एक चुकीची समजूत असते. बारकोडवरून स्कॅनर झरझर फिरविणे म्हणजे वेग नव्हे. रांग अडते ती बारकोड नसलेल्या वस्तूपाशी, वजन न करता आणलेल्या भाजीपाशी आणि पैसे देण्यापाशी. एकाच बारकोडच्या दोन पाकिटांवर जुनी आणि नवी अशा दोन छापील किमती असू शकतात. मशीन पडद्यावर दोन्ही दाखवून निवड विचारते. घाईत पाकीट न पाहता पहिली किंमत निवडली, तर ग्राहक दारातून परत येतो आणि वाचविलेल्या दोन सेकंदांपायी पाच मिनिटे जातात.

गर्दीवरचा प्रश्न साधारण असा असतो : रांगेत बारा माणसे आहेत, पुढच्या ग्राहकाचे यूपीआयचे पैसे अडकले आहेत, मागचे ओरडत आहेत, काय कराल? अशा वेळी 'मी शांत राहीन' हे उत्तर नव्हे. उत्तर कामाचे हवे. ते बिल मशीनवर 'होल्ड' करावे, सामान बाजूला ठेवावे आणि 'काका, पैसे आल्याचे दिसले की लगेच तुमचे बिल देतो', असे सांगून पुढच्याचे बिल घ्यावे. ग्राहकाच्या मोबाइलवरील चित्र पाहून सामान सोडू नये. आपल्या मशीनवर रक्कम आल्याचे दिसले तरच ती आली. बिल रद्द करणे किंवा किंमत बदलणे यासाठी सुपरवायझरला बोलवावे. गर्दीमुळे त्याचा पासवर्ड आपण वापरला, तर त्या व्यवहाराचा जाब आपल्यालाच द्यावा लागतो.

आता मुख्य गोष्ट. रात्री गल्ला कसा जुळवतात, हे एका उदाहरणाने पाहू. समजा, सकाळी सुट्यांसाठी 2,000 रुपये मिळाले. दिवसाची विक्री 48,640 झाली. बिलांप्रमाणे त्यात यूपीआयचे 27,310 आणि कार्डाचे 9,880, म्हणजे रोखीचे 11,450 राहिले. परत आलेल्या मालाचे 240 रोख दिले आणि दुपारी 8,000 रुपये पावती घेऊन कार्यालयात जमा केले. तेव्हा गल्ल्यात 5,210 हवेत. मोजले तर 4,910 निघाले. तूट 300 ची.

येथे घाबरून स्वतःच्या खिशातून 300 टाकणे चूक आहे. आधी यूपीआय मशीनची दिवसाची बेरीज काढावी. ती 27,610 निघाली, म्हणजे बिलांपेक्षा 300 जास्त, तर उलगडा झाला : 300 रुपयांचे एक बिल यूपीआयने भरले गेले, पण घाईत 'रोख'चे बटण दाबले गेले. पैसा कोठेही गेलेला नाही. तूट 400 ची असती, तर शंभरच्या जागी पाचशेची नोट दिली गेल्याचा संशय घ्यावा. फरकाला 9 ने पूर्ण भाग जात असेल, तर 5,210 च्या जागी 5,120 असे आकडे उलटे लिहिले गेले काय, ते आधी पाहावे. मुलाखतीत एवढे सांगणारा उमेदवार लगेच लक्षात राहतो.

इमानदारीची परीक्षा तुटीपेक्षा वाढाव्यात होते. 'गल्ल्यात 50 रुपये जास्त निघाले तर?' या प्रश्नावर काही जण भोळेपणाने सांगतात, 'उद्या कमी पडले तर भरायला ठेवीन.' हे उत्तर नोकरी घालवते. जास्तीचे 50 बहुधा कोणा ग्राहकाला कमी दिलेले सुटे असतात. तो तक्रार घेऊन आला, तर नोंद हीच तुमची साक्ष. तूट असो वा वाढावा, त्याच रात्री लिहून सही करावी. नातेवाईक काउंटरवर आला तर काय, असेही विचारतात. त्याला शेजारच्या काउंटरवर पाठवावे, हे सरळ उत्तर.

शेवटी उमेदवारालाही प्रश्न विचारण्याची संधी मिळते, तेव्हा आमच्या मते एकच विचारावा : 'माझ्या पाळीत माझा गल्ला दुसरे कोणी वापरते काय?' 1936 च्या वेतन प्रदान कायद्यात होते आणि 2019 च्या वेतन संहितेतही आहे की, ज्या पैशाचा हिशेब कामगाराने द्यायचा, त्याची तूट थेट त्याच्या हलगर्जीमुळे झाली असेल तरच पगारातून कापता येते. तेही त्याचे म्हणणे ऐकून घेतल्यावर आणि नुकसानीच्या रकमेपेक्षा जास्त नाही. एका गल्ल्यावर तिघांचे हात फिरत असतील, तर तूट कोणाची हे ठरवायचे कसे? जेवणाच्या सुटीत आपल्या नावाने मशीन उघडे ठेवून जाणारा कॅशियर दुसऱ्याची चूक आपल्या पगारातून फेडतो. म्हणून जागेवरून उठताना मशीन बंद करावे, खणाला कुलूप लावावे आणि काउंटर दुसऱ्याच्या हाती देण्याआधी दोघांनी मिळून रोकड मोजून सही करावी. या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर देणाऱ्या दुकानात नोकरी करणे सोपे जाते.