अपघाताचा अहवाल आणि मॅनेजरचे तीन प्रश्न

समजा, एका कारखान्याच्या पॅकिंग विभागात कन्व्हेअर बेल्टवर ऑपरेटरच्या बोटांना इजा झाली. पाळी संपताना सुपरवायझरने अहवाल दिला: ‘दुसऱ्या पाळीत काम करत असताना ऑपरेटरची बोटे रोलरमध्ये सापडली. ऑपरेटरने योग्य काळजी घेतली नाही. प्रथमोपचार केले. त्याला समज दिली असून पुढे असे घडणार नाही याची दक्षता घेतली जाईल.’ असे अहवाल अनेक फायलींत असतात. त्यांत खोटे काही नसते, पण पुढचा अपघात टळेल असेही काही नसते.

हा कागद हाती आला की मॅनेजरला तो स्वतःच नीट लिहून काढावासा वाटतो. तसे करू नये. अपघात घडला तेव्हा मॅनेजर तिथे नव्हता. रिकाम्या जागा तो अंदाजाने भरतो आणि सफाईदार भाषेमुळे तो अंदाज वस्तुस्थितीसारखा वाचला जातो. पुढे चौकशी झाली, तर खाली सही सुपरवायझरची आणि मजकूर साहेबांचा, अशी अडचण होते. म्हणून मूळ अहवाल तारखेसह तसाच जपावा आणि शेरे वेगळ्या रंगात समासात लिहावेत. शुद्धलेखनाला हात लावू नये. लाल खुणांच्या गर्दीत महत्त्वाचा प्रश्न हरवतो.

या अहवालावर तीन शेरे पुरेत. पहिला ‘काम करत असताना’ या शब्दांपाशी: ‘कोणते काम? बेल्ट चालू होता की बंद? हे कोणी पाहिले आणि तुम्हाला कोणी सांगितले?’ अडकलेला खोका काढताना, साफसफाई करताना आणि नेहमीचे पॅकिंग करताना बोटे सापडण्याची कारणे वेगवेगळी असतात. ‘काम’ या एका शब्दाखाली ती सगळी झाकली जातात.

दुसरा शेरा ‘काळजी घेतली नाही’ या वाक्यावर: ‘हा निष्कर्ष आहे. त्याने नेमके काय केले ते लिहा. चालू बेल्टवर हात घालणे त्याला सोयीचे का वाटले? इतर पाळ्यांत खोका अडकला की काय करतात?’ इथे शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा. सगळेच तसे करत असतील, तर दोष एका माणसाचा राहत नाही.

तिसरा ‘समज दिली’ या शब्दांपुढे: ‘उद्या त्या जागी नवा माणूस उभा राहिला, तर त्याचा हात कशाने वाचेल? काम कोण करणार, कधीपर्यंत, आणि झाले हे कसे तपासणार?’

मॅनेजरने नमुना म्हणून एकच वाक्य लिहून द्यावे, माहितीच्या जागा मोकळ्या ठेवून: ‘___ वाजता बेल्ट ___ असताना ऑपरेटरने ___ साठी हात घातला, हे ___ यांनी पाहिले.’ रिकाम्या जागा सुपरवायझरने भरायच्या. शेवटी मुदत लिहावी: ‘उद्या दुपारी १२ पर्यंत.’

आता सुपरवायझर पुन्हा जागेवर जातो, लोकांशी बोलतो. दुसऱ्या अहवालात तो लिहितो: रात्री ९.४० ला खोका अडकला. स्टॉपचे बटण बेल्टच्या दुसऱ्या टोकाला, सुमारे ८ मीटरवर आहे. खोके वरचेवर अडकतात, म्हणून सगळेच बेल्ट न थांबवता हात घालतात. रोलरचा गार्ड मागच्या दुरुस्तीनंतर परत बसवलेला नाही. आता उपायही वेगळे निघतात: गार्ड बसवणे, बेल्टच्या कडेने ओढताच बेल्ट थांबवणारी दोरी लावणे, आणि खोके का अडकतात ते शोधणे. प्रत्येकापुढे नाव आणि तारीख येते. यातला एकही उपाय मॅनेजरला आपल्या खुर्चीत बसून सुचला नसता.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. गार्ड नाही हे कळताच बेल्ट बंद करावा. दुसऱ्या अहवालाची वाट पाहत बसू नये. दुसरा मसुदाही मोघम आला, तर आणखी शेरे लिहिण्यापेक्षा दोघांनी मिळून बेल्टपाशी जावे. कदाचित सुपरवायझरला गार्डबद्दल ठाऊक असेल, पण मेंटेनन्सवाल्यांचे नाव कागदावर आणायला तो कचरत असेल. ती भीती समासातल्या प्रश्नाने जात नाही. ‘हे लिहिल्यामुळे कोणावर राग निघणार नाही’ असे मॅनेजरने सांगावे आणि पाळावे लागते. मॅनेजरला स्वतःचे मत नोंदवायचेच असेल, तर ते स्वतंत्र टिपणात, स्वतःच्या सहीने लिहावे.

शेरे उपयोगी पडले का, हे त्याच सुपरवायझरच्या पुढच्या अहवालावरून कळते. बेल्ट चालू होता की बंद, हे त्याने न विचारता लिहिले असेल, तर तो प्रश्न आता त्याचा स्वतःचा झाला आहे.