स्पॅनिशमधील ‘जर–तर’ आणि आपले ‘असतो’

शालेय व्याकरणात आपण संकेतार्थी वाक्ये शिकलो. ‘मी ठाण्यात राहत असतो, तर शाळेत पायी गेलो असतो’ हे त्यांपैकीच एक. कल्याणहून रोज लोकलने ठाण्याला येणाऱ्या विद्यार्थ्याच्या तोंडी ते सहज येईल. मराठी कानाला दोन्ही खंडांत ‘असतो’ ऐकण्याची सवय असते आणि स्पॅनिश शिकताना नेमकी हीच सवय आड येते.

हे वाक्य स्पॅनिशमध्ये असे होईल : ‘सि बिबिएरा एन ठाणे, इरीआ आ पिए आ ला एस्कुएला.’ येथे ‘सि’ म्हणजे जर. त्यापाठोपाठ आलेले ‘बिबिएरा’ हे अपूर्ण भूतकाळाचे संभावनार्थी रूप आहे, तर ‘इरीआ’ हे परिणाम सांगणारे रूप. अट आणि परिणाम यांना स्पॅनिश वेगवेगळी वस्त्रे नेसवते. मराठी विद्यार्थी मात्र दोहोंना एकच वस्त्र देतो आणि ‘सि बिबिरीआ’ असे लिहून बसतो. गंमत अशी की, स्पेनच्या उत्तरेस बुर्गोस आणि बास्क प्रदेशांत मातृभाषिकांच्या बोलण्यातही हे रूप ऐकू येते. प्रमाण भाषेत आणि परीक्षेत मात्र ती चूकच ठरते.

अटीचे रूप घडवण्याची रीत सोपी आहे. ‘ते राहिले’ या अर्थाचे ‘बिबिएरोन’ घ्यावे, शेवटचे ‘रोन’ काढावे आणि ‘रा’ जोडावा. अनियमित क्रियापदेही याच वाटेने जातात. ‘तेनेर’ म्हणजे जवळ असणे. त्याच्या ‘तुबिएरोन’पासून ‘तुबिएरा’ होते. परिणामाचे रूप बहुधा मूळ क्रियापदाला ‘ईआ’ जोडून होते, जसे ‘इर’पासून ‘इरीआ’. ‘तेनेर’चे मात्र ‘तेंद्रीआ’ होते. ते पाठच करावे लागते.

अट शक्य कोटीतली असेल, तर हा खटाटोप नको. ‘वेळ मिळाला तर येईन’ यात मराठी भूतकाळी रूप वापरते, स्पॅनिश मात्र साधा वर्तमानकाळ घेते : ‘सि तेंगो तिएंपो, बेंद्रे.’

आणखी एक मेख आहे. आपले ‘गेलो असतो’ आजच्या कल्पनेलाही चालते आणि हुकलेल्या कालच्या संधीलाही. स्पॅनिश हे दोन्ही अर्थ वेगळे ठेवते. लहानपणाबद्दल बोलायचे असेल, तर ‘सि उबिएरा बिबिदो एन ठाणे, आब्रीआ इदो आ पिए’ असे म्हणावे लागेल. म्हणून भाषांतर करण्यापूर्वी आपण आजचे बोलतो आहोत की सरलेल्या काळाचे, हे आधी ठरवावे.

लिहून झाल्यावर ‘सि’नंतरचे क्रियापद तपासावे. तेथे ‘बिबिरीआ’ वा ‘तेंद्रीआ’ दिसल्यास थांबावे. अपवाद एकच : त्या ‘सि’चा अर्थ ‘जर’ नसून ‘की नाही’ असा असेल, तर हे रूप चालते. ‘नो से सि बेंद्रीआ’, म्हणजे ‘तो आला असता की नाही, मला ठाऊक नाही’, हे वाक्य निर्दोष आहे.